दहा बावन्न

अर्सेन किफर घरासमोरचा रस्ता ओलांडून सोलांज बिटर्लिनकडे जायला कधी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ घेत नसे. त्या जानेवारीनंतर मात्र त्याला तोच रस्ता ओलांडायला पाच आठवडे लागले.

दोघांचं गाव एकच, वाटा उलट्या. सोलांज साठीला टेकलेली, बाझलच्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. पगार स्विस फ्रँकमध्ये, खर्च मात्र सगळा इकडे फ्रान्समध्ये, युरोत. अर्सेनही वीस वर्षं बाझलला जात होता, रसायनांच्या कारखान्यात. त्या दिवसांत त्याने घरासाठी फ्रँकमध्ये कर्ज काढलं. मग कारखान्याचा विभाग बंद झाला आणि तो मुलूझला एका लाकूड-हत्यारांच्या गोदामात लागला. पगार युरोत आला, कर्ज फ्रँकमध्येच राहिलं. म्हणजे तिच्याकडे फ्रँक आणि तिला हवे युरो. त्याच्याकडे युरो आणि त्याला हवे फ्रँक.

बँकेत गेलं की बँक दोघांकडूनही कापून घ्यायची. बाजारातला मधला भाव एका युरोला १.२०१० फ्रँक असला, तर सोलांजकडून युरोमागे १.२२ घ्यायची आणि अर्सेनला १.१८ द्यायची. अर्सेनला ही अदलाबदलीची साइट कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने दाखवली होती. तिथे तुम्ही आपले पैसे आधी कंपनीच्या खात्यात भरता. युरोवाले फ्रान्समधल्या खात्यात, फ्रँकवाले स्वित्झर्लंडमधल्या. मग आपल्याला हवा तो भाव मांडून ठेवायचा. उलट गरजेचा कोणी आला आणि त्याला तो भाव पटला की जोडी जुळते, आणि कंपनी तुमचे फ्रँक त्याला तिकडेच देते, त्याचे युरो तुम्हाला इकडेच. एकही नाणं सीमा ओलांडत नाही. कंपनी घेते तीन युरो आणि वर अगदी थोडं, तेही रकमेतून न कापता वेगळं. समोरचा माणूस कोण हे कधी कळत नाही. दिसतो फक्त भाव आणि रक्कम.

सोलांजला संगणकाचं वावडं. तिचं खातं अर्सेननेच उघडून दिलं, पासवर्ड तिच्या मांजरीचं नाव, आणि तो त्याच्याच वहीत लिहिलेला.

बुधवारी संध्याकाळी ती त्याच्या स्वयंपाकघरात बसली होती. वर्षाअखेरीला जादा मिळणारा तेराव्या महिन्याचा पगार आणि बाजूला टाकलेले, असे ६,८४० फ्रँक तिने भरले होते. वरच्या आणि खालच्या दातांच्या कवळ्या करायच्या होत्या. तिचे पुढचे तीन दात गेलेले, म्हणून हसताना तोंडावर हात धरायची सवय लागलेली.

"१.२००५ ला लावतो," अर्सेन म्हणाला. "मधल्या भावापेक्षा केसभर तुझ्या बाजूने. पडून राहू दे, उद्या-परवा कोणीतरी उचलेल."

"आणि भाव हलला तर?"

"कुठे हलतोय? सव्वातीन वर्षं स्विसांनी धरून ठेवलाय. एक वीसच्या खाली जाऊच देत नाहीत."

मग त्याने स्वतःचे ५,७०० युरो १.२०१५ ला लावले, केसभर आपल्या बाजूने. त्याची बायको योलांद भांडी पुसत म्हणाली, "दोघं एकाच टेबलाशी बसलाय. मध्ये १.२०१० ला एकमेकांशी का नाही करत? दोन माणसं एकमेकांसमोर बसून इंटरनेटवर एकमेकांना शोधतायत."

"तीन-तीन फ्रँक सुटतील, ते काय वाईट?" अर्सेन म्हणाला. सोलांज तोंडावर हात धरून हसली.

गुरुवारी सकाळी साडेदहाला स्विसांच्या मध्यवर्ती बँकेने भाव धरून ठेवणारा हात काढून घेतला. गोदामात फळ्यांच्या रांगेमागे रेडिओ लागलेला असे. निवेदकाला आकडा नीट सांगता येईना. युरो घसरत होता, म्हणजे फ्रँक महाग होत होता. अर्सेनला पहिल्यांदा आठवलं ते कर्ज. बसल्या जागी ते युरोंच्या हिशेबात वाढून गेलं होतं. त्याने हातमोजे काढले, शौचालयात जाऊन कडी लावली आणि फोन उघडला.

साइट चालू होती. बाहेर भाव कोसळला होता, पण इथे काही लोकांनी कालपासून मांडून ठेवलेले भाव तसेच होते. मांडलेला भाव आपणहून हलत नाही, मालकाने काढेपर्यंत तिथेच पडून असतो. सव्वातीन वर्षं काही हललं नव्हतं, म्हणून लोक निर्धास्त होते. एक वीसच्या आसपासच्या ओळी त्याच्या डोळ्यांदेखत एकेक नाहीशा होत होत्या. वर राहिली एकच: १.२००५, रक्कम ६,८४०.

हे आपण पाहिलंच नाही असं तो पुढे स्वतःला सांगून पाहणार होता. पण त्याने पाहिलं. सोलांजचा फोन कामाच्या वेळी कपाटात असतो, हे त्याला आठवलं. तिचा पासवर्ड आपल्याला पाठ आहे, हेही आठवलं. आपल्या खात्यातून बाहेर पडून तिच्यात शिरायचं आणि ओळ मागे घ्यायची, मिनिटभराचं काम. आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी अर्ध्या मिनिटात घेईल, हाही विचार आला, आणि तो बहुतेक खराही होता. त्याने स्वतःची १.२०१५ ची ओळ काढली, तिची ओळ दाबली आणि 'होय' म्हटलं. घड्याळात दहा बावन्न झाले होते. सव्वा अकराला कंपनीने फ्रँकचे व्यवहार थांबवले.

घरी योलांद म्हणाली, "हप्त्यांचं काय होणार आता?"

"दोन हप्त्यांचे फ्रँक कालच्या भावाने मिळाले," तो म्हणाला. तिने त्याच्या गालावर हात ठेवला. तो जेवला नाही.

शनिवारी सोलांज जानेवारीतल्या सणाचा उरलेला राजांचा केक घेऊन आली. बाझलमध्ये गुरुवारी सगळे पगारवाढ झाल्यासारखे नाचत होते म्हणे. धुलाईखान्यातल्या पोर्तुगीज बाया बँकेत रांग लावून उभ्या होत्या.

"माझे तर गेले," ती म्हणाली. "पैसे आले खात्यात, पाच हजार सहाशे सत्त्याण्णव, बरोबर तू लावलेल्या भावानेच. दोन दिवस थांबले असते तर वर नऊशेएक मिळाले असते. एक बघ ना माझ्यासाठी. किती वाजता गेले ते दाखवतं का ते?"

"का?"

"साडेदहाच्या आधी गेले असतील तर नशीब. कोणा बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. नंतर गेले असतील तर मग कोणीतरी बघून घेतले."

अर्सेनने तिचं खातं उघडलं. पडदा तिच्याकडे वळलेला होता, पण चष्मा ती घरी विसरली होती. बारीक अक्षरात १०:५२ होतं.

"दहा बावीस," तो म्हणाला.

"बघ." ती खुर्चीत सैल झाली. "मग जाऊ दे. मला वाटतं कर्जवाला असेल कोणी. तुझ्यासारखा. बरं झालं, त्याचं तरी वाचलं."

योलांदने केक कापला. केकमध्ये लपवलेलं बी अर्सेनच्या तुकड्यात निघालं, म्हणजे राजा तो, आणि त्याला कागदी मुकुट घालावा लागला. सोलांजने त्याचा फोटो काढला.

पुढे ती ही गोष्ट पावाच्या दुकानात सांगायची, बसमध्ये सांगायची: आठ मिनिटांनी चुकलं. लोक हळहळायचे. अर्सेन दुकानात असला तर नाण्यांशी खेळत बसायचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिने वरची कवळी केली. खालची पुढच्या वर्षी, म्हणाली. नवीन दात आले तरी हसताना हात तोंडावर जायचाच.

अर्सेन मनात एकच युक्तिवाद फिरवत राहिला. बुधवारी योलांदच्या सांगण्याप्रमाणे १.२०१० ला केलं असतं, तर तिच्या हाती दोन-तीन युरो कमीच आले असते. त्याला तेवढेच फ्रँक. तिचं नुकसान तेच, आपला फायदा तोच, आणि कोणालाही काही वाटलं नसतं. युक्तिवादात खोट सापडत नव्हती, आणि तरी तो संपल्यावर रोज बाथरूमच्या आरशात बघणं नको व्हायचं.

पाचव्या आठवड्यात, रविवारी दुपारी, त्याने ८७९ युरो लिफाफ्यात घातले. नंतर भाव १.०४ च्या आसपास टेकला होता, त्या हिशेबाने तिचे बुडाले तेवढे. रस्ता ओलांडला. सोलांज मांजरीला ब्रशने विंचरत होती.

"बावीस नव्हतं," तो उभ्यानेच म्हणाला. "बावन्न होतं. आणि घेणारा मी होतो."

तिचा ब्रश थांबला. मांजर उतरून गेली.

"तुला माहीत होतं माझे आहेत?"

"रक्कम दिसत होती."

"पासवर्ड होता तुझ्याकडे."

"होता."

त्याने लिफाफा टेबलावर ठेवला आणि घाईघाईने तो बुधवारचा युक्तिवाद सांगितला, १.२०१० चा, योलांदचा. बोलताना तो अगदी खरा वाटत होता.

सोलांजने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बुधवारी केलं असतंस तर तुलाही माहीत नसतं," ती म्हणाली. "गुरुवारी तुला माहीत होतं. मी चादरी इस्त्री करत होते."

"हो."

"आणि शनिवारी माझा केक खाल्लास."

त्याने लिफाफा तिच्याकडे सरकवला.

"दुसरा कोणी असता तर बरं होतं," ती म्हणाली. "त्या कर्जवाल्याचं मी चांगलं चिंतलं होतं. महिनाभर. आता ते कुठे ठेवू?"

तिने लिफाफा उघडला, नोटा मोजल्या, ड्रॉवरमध्ये ठेवल्या. मग म्हणाली, "वही घेऊन ये." तो गेला आणि वही घेऊन आला. तिने मांजरीच्या नावाचं पान फाडलं, चार घड्या केल्या आणि एप्रनच्या खिशात टाकलं. "हसशील, पण मी शिकणार आहे. धुलाईखान्यातली फातिमा शिकवणार आहे. जा आता."

एप्रिलच्या हप्त्यासाठी अर्सेनने पुन्हा युरो भरले. दुसऱ्यांच्या ओळी उचलायला त्याचं बोट पुढे होईना. रक्कम दिसली की तो ती वाचायचा आणि ती कोणाची असेल असा विचार करत बसायचा. म्हणून त्याने आपलीच ओळ बरोबर मधल्या भावाला मांडली, केसभरही आपल्या बाजूने नाही, आणि कोणीही यावं म्हणून सोडून दिली. दुपारपर्यंत त्या ओळीचा एक तुकडा कोणीतरी उचलला: २,३१० फ्रँक.

ही कोणाची, या विचारात तो खिडकीशी गेला. समोर सोलांज दोरीवर चादरी घालत होती. तिने वर पाहिलं, आणि चिमटे धरलेल्या हाताने तोंड झाकलं. हसू होतं की नाही, हे इतक्या लांबून त्याला कळलं नाही.