काकीची चाल बुटक्या पायांवर

बोईसरला स्टेशनच्या पश्चिमेला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचा अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ आहे. आम्ही चौघं आणि सर. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचं लहान मुलांच्या मालिकेचं काम आम्हाला मिळालं, तेव्हा त्यात मासे विकणारी एक बाई होती. सरांनी विचारलं, "तुझ्या गावात कुणी आहे का, खरोखर पाटी घेऊन चालणारी?" मी लगेच काकीचं नाव सुचवलं. त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला होता, ते आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं.

काकी म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. पालघरजवळच्या माहीमला राहते. डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या कॉलन्यांमधून मासे विकायचं काम ती माझ्या जन्माच्या आधीपासून करते. काही वर्षांपूर्वी होडी ओढताना तिचा उजवा गुडघा दुखावला. तेव्हापासून उजवा पाय टेकला की ती किंचित खाली जाते, क्षणभर थांबते आणि मग पुढे निघते. पाहणाऱ्याला ते लंगडणं वाटत नाही. तिच्या चालण्याला एक ठेका आहे, एवढंच वाटतं.

आमच्या गाळ्यात लोखंडी तुळया आहेत. माणसाची हालचाल टिपायला अंगावर बांधायचे सेन्सर त्यांच्याजवळ भरकटतात, हात कुठे आहे ते चुकीचं सांगतात. म्हणून पालघरच्या एका मंगल कार्यालयाचं सभागृह अर्ध्या दिवसासाठी घेतलं. ट्रॅक पँट घालायला काकी तयार झाली नाही. शेवटी कासोट्याच्या लुगड्यावरूनच मी तिच्या मांड्यांना, पोटऱ्यांना, दंडांना पट्टे आवळले.

"गो बाय, मला काय हॉस्पिटलात नेतेस काय?" ती हसत म्हणाली.

"काकी, तू फक्त चाल. रोज चालतेस तशी."

ती चालली. रिकामी पाटी तिला चालेना, म्हणून आम्ही तीत पाण्याच्या बाटल्या भरल्या. एक हात पाटीला, दुसरा मोकळा. लॅपटॉपवर रेघांचा सांगाडा तिच्यासोबत चालत होता. त्या सांगाड्यातही गुडघ्याचा ठेका दिसत होता. ती वाकून बघत म्हणाली, "हा माजा पाय हाय. वळखला मी."

अडचण पुढे होती. मालिकेतली बाई तीन डोकी उंच होती, म्हणजे अख्ख्या शरीराचा तिसरा हिस्सा नुसतं डोकं. पाय वीतभर, हात गाजरासारखे आखूड. एका माणसाच्या हालचाली अशा वेगळ्या बांध्याच्या शरीरावर चढवायच्या, याला आम्ही रिटार्गेटिंग म्हणतो. सांध्यांचे कोन उचलून नव्या सांगाड्याला देता येतात, पण हाडांची लांबी वेगळी असली की तेच कोन भलतीकडे नेतात. काकीचा हात पाटीच्या काठाला लागायचा. बुटकीचा हात त्याच कोनात वळला की स्वतःच्याच गालात घुसायचा.

पहिली जुळणी माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने केली. पुढे सरकण्याचं अंतर आणि कंबरेची उंची त्याने पायांच्या प्रमाणात कमी केली, नाहीतर पाय जमिनीवर घसरत गेले असते. कंबरेचं वरखाली होणं, ज्याला आम्ही झोल म्हणतो, ते मात्र त्याने होतं तेवढंच ठेवलं. काकीच्या पायांवर दोन बोटांचा झोल कुणाच्या लक्षातही येत नाही. वीतभर पायांवर तेवढाच झोल आला आणि पावलं तर जमिनीला खिळलेली, त्यामुळे प्रत्येक उजव्या पावलाला बुटकी फतकल मारल्यासारखी खाली बसायची आणि उसळून वर यायची. वर तो हात, स्वतःच्याच थोबाडीत मारल्यासारखा.

"अरे, ये तो बत्तख है!" तो ओरडला. सगळे स्क्रीनभोवती जमले आणि पोट धरून हसले.

खरं सांगायचं तर मीही हसले. आधी हसले आणि मग मला कळलं की मी कुणाला हसतेय.

मी सरांना म्हणाले, "ही मी नीट करते." दोन दिवस बसले. वरखालीचा झोल पायांच्या प्रमाणात आणला. गुडघ्याचा क्षणभराचा थांबा तसाच ठेवला, कारण तो वेळेचा होता, लांबीचा नव्हता. हात मात्र काही केल्या पाटीपर्यंत पोचेना. एवढ्या मोठ्या डोक्याच्या वर तो पोचणारच नव्हता. रविवारी माहीमला गेले तेव्हा काकीलाच विचारलं.

ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. "नाय पोचत तर सोड ना त्याला. आमी काय नेहमी धरतो काय? मानेवर भार बसला की दोन्ही हात सोडून चालतो."

आणि तिने तिथेच घमेलं डोक्यावर ठेवून, हात सोडून, अंगणभर चालून दाखवलं. मान स्थिर, हात खांद्यापासून सैल. मी मोबाइलवर ते टिपलं आणि सोमवारी हात त्याप्रमाणे बसवले. बुटकी चालू लागली. डोकं तेवढंच मोठं, पाय तेवढेच आखूड, पण ती काकी होती.

सरांनी बघितलं. "चांगलं केलंस. पण पहिलंच पाठवलंय मी. कंपनीला फार आवडलं."

"सर, ते चुकलेलं होतं. आकडा चुकला होता."

"मुलं हसतील ना? मग चुकलं कसं? तू केलंस त्यात मजा नाही."

"ती माझी काकी आहे, सर."

"कुणाला माहीत आहे?"

मी नोकरी सोडायला हवी होती, असं आता वाटतं. तेव्हा मी माझी फाइल वेगळ्या नावाने साठवली आणि जागेवर जाऊन बसले.

मालिका मोबाइलवर आली. काकीला ती मी दाखवली नाही, दुसऱ्यांनीच दाखवली. पालघरच्या एका कॉलनीत ती जिन्यापाशी पाटी उतरवत होती. वरून एक मुलगी ओरडली, "मम्मी, ती बघ, कार्टूनवाली!" आणि मुलीच्या आईने, जी काकीकडून वर्षानुवर्षं पापलेट घेत होती, हसत हसत तिच्यापुढे मोबाइल धरला.

काकीने मला घरी बोलावलं नाही, फोन केला. "ती मीच हाय ना?"

"हो काकी."

"पाय माजा हाय. वळखला. पन मी अशी चालते काय गो?"

"नाही काकी. तुझे पाय लांब आहेत, तिचे आखूड. ते नीट जुळवलं नाही. मी जुळवलं होतं, पण..."

"मग तू जुळवलेलं कुटं हाय?"

माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, असं मी म्हणाले. मग ती म्हणाली, "बरं. ऱ्हाऊ दे," आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने पालघरच्या त्या बाजूला जाणं सोडलं. आता वाणगावला जाते. लांब पडतं, गुडघा सुजतो. गणपतीत भेटली तेव्हा बोलली माझ्याशी, जेवायलाही वाढलं. पण "गो बाय" म्हणाली नाही. माझ्या नावाने हाक मारली, पाहुण्यांना मारतात तशी.

यंदा मालिकेच्या दुसऱ्या भागाचं काम आलं. सरांनी विचारलं, "तुझी ती काकी येईल का पुन्हा?"

मी खोटं बोलले. तिचा गुडघा फार बिघडलाय, चालतच नाही, म्हणाले.

"मग राहू दे," सर म्हणाले. "जुना डेटा आहे की आपल्याकडे."

आता तीच चाल एका ढेरपोट्या हवालदारावर चढवलीय, एका अस्वलावर आणि बाजारातल्या सगळ्या बायकांवर. त्यांचे हात, पाय, पोटं जुळवायचं काम माझ्याकडे आहे, कारण ती चाल मला सगळ्यांत चांगली कळते, असं सर म्हणतात. काल अस्वलाचं झालं. झोल किती ठेवायचा ते कंपनीने आधीच लिहून दिलं होतं, पहिल्या बुटकीला होता तेवढा. मी तेवढाच ठेवला.