‘येतो’ म्हणायचं असतं

आमच्या घरात बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. आईनं लहानपणीच कान उपटून शिकवलं होतं: जाणाऱ्यानं ‘येतो’ म्हणायचं आणि घरातल्यानं ‘ये’ म्हणायचं. ‘जा’ म्हणायचं नाही, चुकूनसुद्धा. लग्न झाल्यावर नवऱ्यानं त्याला आपलं शेपूट जोडलं. चिखलोलीच्या आमच्या फ्लॅटच्या दारात बूट घालता घालता तो रोज ओरडायचा, “येतो गं येडे!” समोरच्या काकू हसायच्या. मला लाज वाटायची, आणि आवडायचंही. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी एका सकाळी तो म्हणाला, “चल, जातो.”

मी पोळी उलटत होते. वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि ‘येडे’ तर गायबच. चहा दिला तर “थँक यू.” मीठ सरकवलं तर “थँक यू.” अरे, मी काय हॉटेलातली वेटर आहे? स्वयंपाकघरात माझ्या मागून जाताना त्याचा हात हमखास माझ्या पाठीवर टेकायचा. आता तो अंग चोरून, ओट्याला चिकटून जायचा, अनोळखी बाई उभी असल्यासारखा.

मी उल्हासनगरच्या एका शाळेत गणित शिकवते. पुरावा मिळाल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोनिवलीला राहणाऱ्या ताईला फोन केला, तर ती म्हणाली, “कामाचा ताण असेल गं. पुरुष असेच असतात, लगेच काय डोक्यात राख घालतेस?”

ताण होता, हे खरंच. तो मोरिवलीच्या बाजूला एका केमिकल कंपनीत पाळीचा साहेब. झोप मोडायची, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या, भरलेला डबा कधी कधी तसाच परत यायचा. ताणातला माणूस सगळ्यांशीच कोरडा वागतो, असं मी धरलं. पण रविवारी सोसायटीत बॅडमिंटन खेळताना बघितलं, तर गडी खो खो हसतोय! खालच्या मजल्यावरच्याला “अबे येड्या, नेटच्या वरून मार ना!” म्हणतोय. माझा शब्द तिकडे फुकट वाटला जात होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल पिळून पिळून फाटायचा बाकी राहिला.

म्हणजे ताण नव्हे, मीच. कंटाळा आला असेल माझा. बरं, कंटाळ्याला औषध असतं. मी एका रविवारी त्याला कोंडेश्वरच्या धबधब्याकडे नेलं, येताना बदलापुरात मिसळ खाल्ली, आयुष्यात पहिल्यांदा मी त्याची बाईक चालवली. तो मागे बसून घाबरत होता, हसत होता. मला वाटलं, चला, गाडी आली रुळावर. सोमवारी सकाळी दारातून आवाज आला, “जातो.”

मग माझं डोकं फिरलं. मीही ‘थँक यू’ सुरू केलं. त्याच्याशेजारी बसणं बंद केलं, विचारणं बंद केलं. बघू, याला कळतंय का! त्याला कळलंच नाही, उलट तो अजून मोकळा झाल्यासारखा मोबाइलमध्ये गेला. ताईला हे सांगितलं तेव्हा ती भडकली. “परीक्षा घेतेयस की संसार करतेयस? पेपरच दिला नाहीस तर पोरगं लिहिणार काय? तोंडानं विचार.”

विचारलं. रविवारी पोहे खाताना, सरळ. “तू मला ‘जातो’ म्हणतोस. हात लावत नाहीस. माझं काय चुकलं, की तुझं मन उडालंय?”

त्यानं चमचा खाली ठेवला. पोह्यांकडे बघतच त्यानं सांगितलं. कंपनीत पाइप फुटून त्याच्या पाळीतला एक कामगार भाजला होता. जगला, पण चौकशी लागली होती आणि सगळं याच्यावर शेकणार अशी हवा होती. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“आणि बॅडमिंटनला कसा हसतोस मग?” मी.

“तिथं मला कुणी काही विचारत नाही. घरी आलो की तू माझा चेहरा वाचत बसतेस.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटकेचं होतं ते. म्हणजे ताणच होता! हसणारा माणूस ताणात नसतो, हे मीच चुकीचं धरलं होतं. जिथं काही मागत नाहीत तिथंच असा माणूस हसतो. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं फिरवू दिला. ‘फिरवू दिला’ हे शब्द तेव्हा मला खटकले नाहीत. त्याच ओघात मी त्याला आईचं ‘येतो’ पुन्हा समजावलं. तो ओशाळून म्हणाला, “सॉरी, लक्षातच आलं नाही माझ्या.”

चौकशी संपली. दोष पाइपच्या देखभालीचा निघाला, याचं नाव सुटलं. त्या दिवशी त्यानं स्वतः पेढे आणले. झोप लागायला लागली, गोळ्या बंद झाल्या, डबा रिकामा यायला लागला. आणि दारात रोज, न चुकता, “येतो.”

मी वाट बघत राहिले. ताण गेला, आता माझा माणूस येईल. हात मात्र पाठीवर आला नाही. मी कितीदा मुद्दाम ओट्याशी रेंगाळले, माझं मलाच हसू येईल. मध्ये मला सणकून ताप आला, तर यानं रजा टाकली, नारळपाणी आणलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. एकही गोष्ट चुकवली नाही. पण पट्टी बदलताना तो माझ्याकडे बघतच नव्हता, थर्मामीटरकडे बघत होता. चांगला शेजारीही एवढं करतो.

बरी झाल्यावर त्याला गॅलरीत बसवलं. म्हटलं, “आता खरं सांग. मी रडणार नाही.” रडायची खात्री असूनही म्हटलं.

तो म्हणाला, “राग नाही गं तुझा. दुसरं कुणी नाही, शपथ. कंटाळाही नाही. तू चांगलीच आहेस.”

“मग?”

“पूर्वी दिवसभरात काहीही झालं की वाटायचं, हिला सांगू. आता नाही वाटत. चौकशीच्या वेळी मला वाटलं होतं की ताणानं असेल. मीही वाट बघत होतो. ताण गेला, पण तुझी आठवण येत नाही मला. मी प्रयत्न करतोय. ‘येतो’ म्हणतो ना रोज.”

मी ओरडले नाही. खोटं बोलला असता तर आणखी वर्षभर मी ओट्याशी रेंगाळले असते. तेवढं मात्र त्यानं वाचवलं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बूट घातले, डबा उचलला. दारात थांबला. आठवून, जपून, नीट म्हणाला, “येतो.”

मी ओटा पुसत होते. मागे वळले नाही.

“जा,” मी म्हणाले.