शफीकभाईची सात ओळींची वॉरंटी

बाळापूरच्या बाजारात शफीकचं दुकान शोधायला कोणाला पत्ता विचारावा लागत नसे. जिकडून भांडणाचा आवाज येईल तिकडे चालत जायचं, बस. माणूस वाईट होता म्हणता? अजिबात नाही. बाप घड्याळं दुरुस्त करायचा, त्याच टेबलावर, बापाचंच भिंग डोळ्याला लावून हा मोबाइल उघडायचा. हात इतका हलका की उघडलेला फोन पुन्हा बंद केला तर कुठे उघडला होता ते सांगता यायचं नाही. पण तोंड! तोंडाला मात्र हाताचा तो हलकेपणा लागला नव्हता.

ते दिवस बोंडअळीनंतरचे. कपाशीनं लागोपाठ असा हात दाखवला होता की नवा फोन घ्यायची कोणाची ऐपत नव्हती. घरात एक फोन, तो आपटला, भिजला, बसला की आणायचा शफीककडे. काम वाढलं आणि कामापेक्षा भांडणं वाढली. त्याला कारणही शफीकच. गिऱ्हाईक विचारायचं, "गॅरंटी हाय ना?" हा मान वर न करता म्हणायचा, "हाय." कशाची, किती दिवसांची, काही नाही. नुसतं हाय! मग महिन्याभरानं कोणी हौदात बुडालेला फोन घेऊन यायचा आणि म्हणायचा, "तुमी तर हाय म्हटलं व्हतं." पंजाबराव पाटलांनी तर कमाल केली. डिस्प्ले बदलून नेला आणि स्पीकर बसला म्हणून फोन परत टेबलावर आदळला.

"पाटील, डिस्प्ले म्या टाकला, स्पीकर कंपनीचा हाय."

"मले काय मालूम आतमंदी कोनाचं काय हाय ते? फोन तुयाकडून गेला!"

यावर शफीक जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं ऐकत मागे बसलेली त्याची मुलगी मिस्बाह एक दिवस वैतागली. ती अकोल्याला कॉलेजात जायची आणि सुट्टीच्या दिवशी दुकानाचं रजिस्टर सांभाळायची. "अब्बा, रोज तोंड वाजवन्यापेक्षा एकदाच लिहून टाका ना. दुकानाच्या स्टेटसले फोटो टाकू, खाली कॅप्शन. काय भेटते, काय नाही, सगयं."

शफीक आधी फणकारला, मग बसला. आणि एकदा बसला तो असा बसला की तीन दिवस बापलेकीत एकेका शब्दावरून घासाघीस. शेवटी उघडलेल्या फोनच्या फोटोखाली सात ओळी गेल्या. बॅटरी बदलली तर सहा महिने वॉरंटी, डिस्प्ले बदलला तर तीन महिने. पार्ट आपोआप बिघडला तर फुकट बदलून देऊ. वॉरंटी फक्त बदललेल्या पार्टची, आख्ख्या फोनची नाही. पडला, दाबला, पाणी गेलं किंवा दुसऱ्याकडे उघडला तर वॉरंटी नाही. पार्ट बदलून दिला तरी मुदत पहिल्या तारखेपासूनच मोजू. पार्टवरचं आमचं तारखेचं स्टिकर शाबूत पाहिजे. पावती हरवली तर नंबर सांगा, रजिस्टरात सापडेल.

गावातल्या चार ग्रुपवर ते फिरलं आणि काय सांगू, बाजार शांत झाला! पंजाबराव पुढच्या खेपेला तडकलेला डिस्प्ले घेऊन आले, दुकानाच्या काचेवर चिकटवलेला त्याच सात ओळींचा कागद बोटानं वाचत गेले, 'पडला'पाशी थांबले आणि म्हणाले, "बरं बाप्पा, नवा टाक." शफीकला इतका आनंद झाला की त्यानं पाटलांना चहा पाजला. आपल्या सात ओळींचा त्याला भलताच अभिमान चढला. येईल त्याला म्हणायचा, "वाचा. पूरं लिवलं हाय. लहान पोराले बी समजते."

वेचणीचे दिवस आले. एका दुपारी मैनाबाई दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि उभीच राहिली. ही पलीकडच्या वस्तीतली, कापूस वेचणाऱ्या बारा बायांच्या टोळीची म्होरकी. एरवी बोलायला लागली की रस्त्यावरचं माणूस थांबेल. आज मात्र दुकानातली दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत गप्प. मग आत आली, कमरेची ओटी सोडली आणि कापसाच्या चुऱ्यातून फोन काढून टेबलावर ठेवला.

फोन सायकलच्या ट्यूबच्या रबरानं करकचून बांधला होता. तीन वेढे!

"हे काय व मैनामाय? फोन हाय का भारा?"

"चालून नाही राहिला नीट." तिचा आवाज खाली. "आर्धा पडदा बोटाचं आयकत नाही. सोमवारी वेचाई धराची हाय. शेतवाल्याचा फोन आला का मले उचलताच येत नाही. काल दोनदा वाजून गेला. आता तो दुसऱ्या गावची टोयी बोलावन, अन् माह्या बारा जनी हंगामाच्या तोंडावर घरी बसतीन. मले वाचता नाही येत, शफीकभाऊ. कोनाचं बोरीचं झाड, कोनाचा ट्रॅक्टर, असे फोटो लावून देल्ले मिस्बाहनं, तेच पाहून मी फोन लावतो. हा गेला तर माहे सगये शेतवाले गेले."

शफीकनं रबर सोडलं. सोडताक्षणी डिस्प्लेची एक बाजू फ्रेममधून अशी वर आली की त्यानं हात मागे घेतला. स्क्रीनवर उभी हिरवी रेघ. बॅटरी फुगली होती, पार टरारून.

आणि अशा वेळी माणसानं आधी काय म्हणावं? शफीकनं तेच म्हटलं जे गेले सहा-सात महिने तो सगळ्यांना म्हणत होता. "दाबला ना तुमी! बांधून बांधून दाबला! दाबल्याले वॉरंटी नाही. लिवलं हाय तिथं."

मैनाबाईनं कागदाकडे बघितलंही नाही. "मालूम हाय मले. शेजारच्या गोपालनं वाचून दाखवलं. दाबला तर नाही, अन् जे बदललं तेवढ्याचीच. तुमी बॅटरी टाकली व्हती, पडदा तर जुनाच हाय. म्हनून तर वीस दिस आली नाही. पडदा वर आला तसा बांधून टाकला. तुमी बांधता तसा."

"मी कव्हा बांधतो?"

तिनं नुसती हनुवटी वर केली. मागच्या फळीवर दोन फोन होते. दोन्ही रबरबँडनं घट्ट बांधलेले.

आता बोला! डिस्प्ले चिकटवला की गोंद वाळेपर्यंत रबर लावून ठेवायचं, ही शफीकची रोजची रीत. बॅटरी बदलायला आली तेव्हा बाईनं हेच तर पाहिलं होतं: पडदा सुटला की शफीकभाऊ बांधतो. तिनं ते इमानानं घरी केलं. शंभरदा हा म्हणाला असेल लहान पोराला समजतं म्हणून. बॅटरी फुगली तर काय करायचं, हे त्या सात ओळींत कुठे होतं?

सुट्टीची म्हणून मिस्बाह मागेच बसली होती. शफीकनं वाद तिथेच सोडला. त्यानं फोन बंद केला, भिंग डोळ्याला लावलं. लोखंडी काही जवळ घेतलं नाही. फुगल्या बॅटरीला टोक लागलं तर आग धरायला वेळ लागत नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पत्तीनं डिस्प्ले सावकाश उचलला, बॅटरीची जोडणी आधी सोडवली, कडेला स्पिरिटचे दोन थेंब सोडून गोंद मऊ केला आणि बॅटरी न वाकवता अलगद काढली. तिच्यावर त्याचंच स्टिकर, शाबूत. मिस्बाहनं नंबरावरून रजिस्टर उघडलं.

"अब्बा, पाच महिने वीस दिवस झाले."

"म्हंजे?" मैनाबाईनं विचारलं. तिचा हात ओटीच्या गाठीवर घट्ट होता.

"म्हंजे अजून दहा दिस हायेत." शफीकनं फुगलेली बॅटरी रेतीच्या डब्यात ठेवली. "बॅटरी म्या टाकलेली. ती आपोआप फुगली. ती मी बदलून देनार, एक पैसा नाही. तुमी ज्या दिवशी पडदा हलला त्याच दिवशी याले पाहिजे व्हतं."

"अन् पडदा?"

हाच तर खरा प्रश्न. कागदाप्रमाणे पडदा त्याच्या माथी नव्हता. जुना, न बदललेला, वर दाबलेला. तीन कारणं हातात होती. पण पडदा उचलला कोणी? त्याच्या बॅटरीनं. आणि बांधायला शिकवलं कोणी? शफीकनं भिंग काढलं आणि पुसत बसला. मग म्हणाला, "माह्या पार्टनं तुमचा पार्ट बिघडवला तर तो बी माह्याकडंच. गेला असन तर मी टाकतो."

मिस्बाह वडिलांकडे बघतच राहिली. मैनाबाईनं स्टूल ओढलं आणि आल्यापासून पहिल्यांदा बसली.

नवी बॅटरी बसली, तिच्यावर नवं स्टिकर, आणि त्यावर तारीख मात्र जुनीच लिहिली. शब्द म्हणजे शब्द. मग त्यानं डिस्प्लेची पट्टी पाहिली. फुगवट्यानं ओढली जाऊन ती जोडणीतून अर्धी निसटली होती. त्यानं ती साफ केली, बोटानं हलकेच दाबून बसवली आणि फोन चालू केला.

हिरवी रेघ गेली होती.

शफीकनं बोट वरून खाली, डावीकडून उजवीकडे, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं. पडदा सगळीकडे ऐकत होता. "अल्हमदुलिल्लाह," तो म्हणाला, आणि फोन तिच्या हातात दिला. "पाहा. पडदा सलामत हाय. वाचलो दोघं बी!"

तिनं ट्रॅक्टरचा फोटो शोधला, दाबला आणि उभी राहून ओरडूनच बोलली, "हो भाऊ, मीच! सोमवारी बारा जनी येतो. दुसऱ्या कोनाले सांगू नका." फोन ठेवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू, आणि तिनं दोन्हीही लपवलं नाही. "वीस दिस झोप नाही लागली, बाप्पा. अन् इथं अर्ध्या घंट्याचं काम!"

"ह्या सातच्या सात ओयी चुकल्या का व?" शफीक मिस्बाहला म्हणाला.

"चुकल्या नाही, अब्बा. दोन कमी पडल्या. अन् ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी सगयाच कमी पडल्या."

तिनं तिथल्या तिथे दोन ओळी वाढवल्या: आमच्या पार्टमुळे दुसरा पार्ट बिघडला तर तोही आमच्याकडे, आणि पडदा किंवा झाकण वर आलं तर चार्जिंग लावू नका, बांधू नका, दाबू नका, फोन बंद करून लगेच आणा. मग म्हणाली, हे आवाजात पण पाठवू. शफीक बोलायला बसला. दोनदा रेकॉर्ड केलं आणि दोन्ही वेळा तो गिऱ्हाइकावर खेकसतोय असंच वाटलं.

"हट, असं कोनी सांगते का! जीव घाबरते मानसाचा," मैनाबाई म्हणाली. "आन इकडं." आणि मिस्बाहनं एकेक ओळ वाचली तशी ती आपल्या बोलीत सांगत गेली, शेतात बायांना सांगावं तसं.

तो आवाज ग्रुपांवर फिरला आणि आठ-दहा दिवसांनी शेजारच्या गावची एक म्हातारी आली. शफीकनं तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पदरातून बंद फोन काढला, पडदा एका बाजूनं उचललेला, आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"बांधला नाही गा बाबू," ती म्हणाली. "दाबला बी नाही. मैनाबाईनं सांगतलं फोनात, भेऊ नको म्हने, शफीकभाऊ देते करून."

भेऊ नको, असं तर त्या नऊ ओळींत कुठेच लिहिलेलं नव्हतं. शफीकनं पुढे केलेलं स्टूल आधी बाहीनं पुसलं. "बसा माय," तो म्हणाला, आणि भिंग डोळ्याला लावलं.