माकडाला वाहिलेला नारळ

ये गं, अशी जवळ बस. तो मोबाइल ठेव खाली. आणि काय गं, काजूच्या बागेत अनवाणी हिंडून आलीस? कोणी सांगितलं नाही तुला? मग मीच सांगते.

आम्ही जेद्द्यात होतो तेव्हाची गोष्ट. मोबाइलच्या दुकानांत आता इथलीच माणसं हवीत, असा सौदी सरकारचा हुकूम निघाला. बलदातल्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातल्या दुकानात ह्यांची बावीस वर्षं झालेली, पण खलास! गावी परतायचं ठरलं. म्हणून फेब्रुवारीत हे एकटेच आठ दिवस गावची ही काजूची बाग बघायला गेले.

फोनवर धाकटी जाऊ खुशीत. "वयनी, औंदा माकडां आपसूकच मरतत. काजी रवली आमका!"

काजू खाणारी माकडंच कमी झाली म्हणून मीही हसले. आमचं शहाणपण!

बागेत एक वानर मरून पडलं होतं. वानर म्हणजे मारुतीरायाचं रूप, उघड्यावर कसं टाकणार? ह्यांनी हातांनी उचलून पुरलं, वर लाल फडकं घातलं, नारळ वाहिला. पाचोळ्यात तासभर बसले. ढोपरामागे एक गोचीड सापडली, ती नखाने चिरडली.

परत जेद्द्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी ताप. डोकं फुटेल असं दुखणं, डोळे लालभडक. चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त. दवाखान्यात नेलं.

डॉक्टर हैदराबादचा, पण जेद्द्यात मुरलेला. त्याने विचारलं, "उंट, मेंढ्या, कुछ हाथ लगाया?" तिकडे गोचिडीचा असाच एक ताप मेंढ्या-उंटांकडून येतो म्हणे.

हे म्हणाले, "नाही हो, मी मोबाइल विकतो."

मी म्हटलं, "माकड पुरलंय ह्यांनी!"

त्याने पेन खाली ठेवलं. "अम्मा, ये पहले बोलना था ना!"

मग उलगडलं सगळं. माकडं मरू लागली की समजायचं, रानात ताप शिरलाय. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात पसरतात आणि माणसाला चावतात. माणसाकडून माणसाला तो ताप लागत नाही. नेमकं औषध नाही. सलाईन, विश्रांती, रक्तावर लक्ष. आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

मी तिथूनच जावेला फोन लावला. "काजी राहू देत, आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना बोलव!"

"आता माकडांक पण डॉक्टर व्हयो?" म्हणून ती हसली. पण बोलावलं. आरोग्याची माणसं आली. बागेमागे आणखी एक वानर सापडलं. ते हातमोजे घालून जाळलं आणि भोवती गोचिडी मारायची पावडर मारली. बागेत जाणाऱ्या बायकांना, गोचिडी जवळ येऊ नयेत म्हणून, हातापायांना चोळायला तेल दिलं. जाऊ म्हणाली, "वास कसलो गो ह्या तेलाचो! घोव पण जवळ येवचो नाय." नवराही पळेल म्हणे!

ह्यांच्या रक्तात माकडतापच निघाला. दहा दिवसांनी ताप उतरला आणि उठून बसल्या बसल्या हे चहा मागू लागले, तेव्हा कुठे मला रडू आलं.

आता इथेच आहोत आम्ही. मेलेलं माकड दिसलं की हे लांबूनच हात जोडतात आणि आधी आशाताईंना फोन करतात.

तू पाय धुऊन घे, ढोपरामागे नीट बघ. आणि पुन्हा गावी लवकर ये हो. नवऱ्यालाही घेऊन ये. तेल मी देईन दोघांना.