दुपारी साडेतीनची मालिका

निशा बैसाणेचं प्रदीपशी लग्न झालं तेव्हा प्रदीपची मुलगी चैताली दहा वर्षांची होती. चैतालीची आई छाया कावीळ होऊन दोन वर्षांपूर्वी गेली होती. नवागामच्या दोन खोल्यांत प्रदीप, त्याची आई काशीबाई आणि चैताली अशी तीन माणसं होती. निशा चौथी आली.

ती उधन्याच्या एका लहान नर्सिंग होममध्ये नर्स होती. सकाळपाळी सात ते दोन असायची, संध्याकाळची दोन ते नऊ आणि रात्रपाळी नऊपासून सकाळी सातपर्यंत. पाळी आठवड्याला बदलायची. कुणी रजेवर गेलं की मधेच, आदल्या दिवशी सांगूनही बदलायची. प्रदीप कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये होता. त्यालाही पाळ्या होत्या, पण त्या ठरलेल्या.

चैताली वाईट वागायची नाही. पुढ्यात ठेवलेलं जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण निशाला ती कुठल्याच नावानं हाक मारायची नाही. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहायची आणि निशाचं लक्ष जाईपर्यंत तशीच थांबायची. निशाला ते ओरडण्यापेक्षा जड वाटायचं.

पोरगी मोकळी व्हायची ती एकाच वेळी. तिची शाळा सकाळची होती. सोमवार ते शुक्रवार दुपारी साडेतीनला एक हिंदी मालिका लागायची आणि आजी-नात दोघी पाय पसरून टीव्हीसमोर बसायच्या. एका मोठ्या घराण्याची गोष्ट होती. दोन भाऊ, लपवलेलं मृत्युपत्र, आणि एक मुलगी, जिचा बाप कोण हे सगळ्या गल्लीला कळलं होतं पण तिला कळलं नव्हतं. तेवढा अर्धा तास चैताली हसायची, चिडायची, आजीचा हात दाबायची.

आपल्याला आत जायचं तर याच दारातून, असं निशानं मनात धरलं.

पहिल्यांदा बसली तेव्हा ती सकाळपाळीवर होती. पाच दिवस ओळीनं बघता आलं. कोण कुणाचं हे हळूहळू कळायला लागलं होतं. पुढचा आठवडा संध्याकाळपाळीचा आला आणि साडेतीनला ती वॉर्डात सलाइन बदलत होती. त्यानंतरच्या सोमवारी ती घरी परत बसली, तर पडद्यावर थोरला भाऊ जिन्यावर उभा राहून रडत होता आणि धाकट्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाठ केली होती.

"हा का रडतोय?" निशानं विचारलं.

चैतालीनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"आणि ही याच्याशी बोलत का नाही? मागं तर चांगलं होतं ना यांचं?"

"बुधवारी झालं ते," चैताली पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"बुधवारी काय झालं?"

चैताली उठली. तिनं टीव्ही बंद केला आणि पुस्तक घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

काशीबाई म्हणाली, "निशा, तुले काय समजाव शे त्यामा? रोज बठनं पडस. एक दिन गया की दोरा तुटस."

रोज बसावं लागतं, एक दिवस गेला की दोरा तुटतो, हे सासूनं रागानं म्हटलं नव्हतं. तरी निशाला ते लागलं. या घरात आपण पाहुणीसारखे आहोत, मधूनच येतो आणि काय चाललंय ते विचारत बसतो, हेच कुणीतरी तोंडावर सांगितलं असं तिला वाटलं.

मग तिनं हट्ट धरला. एकही भाग चुकवायचा नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात ती सकाळी आठला घरी यायची, स्वयंपाक आवरायची, अकराला आडवी व्हायची आणि सव्वातीनला गजर लावून उठायची. मालिका बघून परत पडलं तरी झोप यायची नाही. संध्याकाळपाळीचा आठवडा आला तेव्हा तिनं मृणालला गाठलं. मृणाल तिच्याच वॉर्डातली, वयानं लहान. "माझ्या तीन संध्याकाळी तू घे. पुढच्या आठवड्यात मी रात्रपाळी संपवून तशीच थांबेन आणि तुझ्या तीन सकाळी करेन."

"रात्र करून लगेच सकाळ? जमेल तुम्हाला?"

"जमेल."

त्या तीन दिवसांत निशानं मालिका पाहिली. काही विचारलं नाही. चैतालीनं टीव्ही बंद केला नाही. पण भाग संपला की उठून निघून जायची. उरलेल्या दोन दिवसांत मृत्युपत्र सापडलं आणि तेही निशाला शेजारणीकडून कळलं.

पुढच्या आठवड्यात तिला मृणालची फेड करायची होती. तिसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजले होते, सतरा तासांतले दोन अजून उरले होते. सहा नंबरच्या म्हाताऱ्या बाईंना जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं होतं. निशानं ते सिरिंजमध्ये भरलं, ट्रे उचलला आणि चार नंबरच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. तिथं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला एक तरुण होता. तिनं त्याच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला.

त्याची बायको उशाशी बसली होती. ती बिचकत गुजरातीत म्हणाली, "बेन, आ शेनुं इंजेक्शन छे?"

"इन्सुलिन."

"पण एमने तो डायाबिटीस नथी."

निशाचा हात हवेतच राहिला. तिनं खाटेवरचा नंबर पाहिला. मग हातातली सिरिंज पाहिली. सुई टोचायला फक्त एक श्वास उरला होता. तिनं ट्रे घेतला, सहा नंबरला गेली, कागद तीनदा वाचला, आणि मग कुठे इंजेक्शन दिलं.

वॉर्डच्या प्रमुख मालतीबाई सिस्टर होत्या. निशानं स्वतःच जाऊन त्यांना सांगितलं. मालतीबाईंनी आधी तरुणाच्या बायकोशी बोलून घेतलं, डॉक्टरांच्या कानावर घातलं, आणि मग निशाला कपडे बदलायच्या खोलीत बसवलं.

"किती झोपलीस काल?"

"दोन तास."

"परवा?"

निशा बोटांवर तास मोजायला लागली आणि मधेच थांबली.

"घरात कुणी आजारी आहे का?"

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. पण मग तिनं सगळं सांगितलं. मालिका, चैताली, बुधवार, गजर. सांगताना आपलंच आपल्याला लाजिरवाणं वाटत होतं. टीव्हीवरच्या गोष्टीसाठी एका माणसाच्या जिवाशी खेळ झाला असता.

मालतीबाई हसल्या नाहीत.

"ड्यूट्यांची अदलाबदल बंद. आजपासून. पुन्हा दिसली तर मी तुला इथं ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुसरं. रोजची मालिका आपल्यासारख्या बाईची नाही गं. ती वाईट असते म्हणून नाही. रोज बसणाऱ्याला तिची खरी गोडी. आजच्या रडण्याला कालचं भांडण लागतं आणि कालच्या भांडणाला महिन्यापूर्वीचं पत्र लागतं. मधले पाच दिवस गेले की तू फक्त माणसं बघतेस, गोष्ट तुझ्यापर्यंत पोचतच नाही. सुरुवातीला मागचं दोन मिनिटं दाखवतात, त्यानं काय होतं?"

"मग मी काय करू? घरात तेवढंच एक आहे."

"एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपेल असं काहीतरी धर. रविवारी सकाळी अकराला ती चोर-पोलिसाची लागते ना? दर वेळी नवा गुन्हा, नवी माणसं. फौजदार तेवढा तोच. तीन आठवडे नाही बघितली तरी चौथ्या आठवड्यात तुला आणि समोरच्याला सारखंच ठाऊक असतं."

त्यातला एकच शब्द निशाच्या डोक्यात राहिला. सारखंच.

पुढच्या रविवारी तिची संध्याकाळपाळी होती, म्हणजे दुपारी एकपर्यंत ती घरी होती. अकराला तिनं टीव्ही लावला आणि चैतालीला म्हणाली, "बसतेस?"

चैताली पाचेक मिनिटं दाराशी उभी राहिली. "यात तर सगळे नवीनच," ती म्हणाली. "पुढे काहीच होत नाही यात." आणि निघून गेली.

निशानं एकटीनंच शेवटपर्यंत पाहिलं. त्यानंतरच्या रविवारी ती रात्रपाळी करून आली होती. पडद्यावर सोफ्याच्या कारखान्यात मॅनेजरचा खून झालेला होता. निशा भाजी निवडत बघत होती. "हा वॉचमनच आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

"वॉचमन नाही."

चैताली आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती.

"कशावरून?"

"तो म्हणाला की लाइट गेली होती. पण पंखा फिरत होता. म्हणजे त्याला कुणीतरी खोटं बोलायला लावलंय."

निशानं पंखा पाहिलाच नव्हता. तिनं भाजीची परात बाजूला सरकवली. चैताली खाली बसली, तिच्यापासून चांगली दोन हात लांब. खुनी मॅनेजरचा भागीदार निघाला. चैतालीच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

मग घडी विस्कटली. एका नर्सचं बाळंतपण आलं आणि सलग तीन रविवार निशाला सकाळपाळी लागली. यावेळी तिनं अदलाबदल मागितली नाही. पण त्या तीन रविवारी अकरा वाजले की तिची नजर वॉर्डातल्या घड्याळाकडे जायची. दार जरासं उघडलं होतं आणि आपणच ते पुन्हा लावून घेतोय असं वाटायचं. घरी आल्यावर ती चैतालीच्या तोंडाकडे बघायची. तिथं काहीच दिसायचं नाही.

चौथ्या रविवारी ती घरी होती. अकराला पाच मिनिटं कमी असताना तिनं टीव्ही लावला आणि कुणालाही हाक मारली नाही. सुरुवातीचं संगीत वाजलं. एका धर्मशाळेतली चोरी होती. निशाचं लक्ष पडद्यावर नव्हतंच, कान मागच्या खोलीकडे होते.

चैताली आली आणि बसली.

निशाच्या तोंडून निघून गेलं, "मागच्या तीन वेळा मी नव्हते."

"त्याचं काय," चैताली म्हणाली. "त्या संपल्या ना. ही नवीन आहे." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाला कोण वाटतो?"

"स्वयंपाकी."

"तुम्हाला नेहमी गरीबच का वाटतो चोर?"

निशा चपापली. खरंच होतं ते. आधी वॉचमन, आता स्वयंपाकी. काशीबाई मागं बसून सुपारी कातरत होती, ती खुदकन हसली. मग चैतालीही हसली. निशाला रडू येईल की काय अशी भीती वाटली म्हणून तिनं विचारलं, "बरं, मग तुझा चोर कोण?"

चैताली पुढं सरकून बोटानं पडद्यावर दाखवायला लागली, "हा बघा, हा चष्मेवाला, ह्याच्या चपलांना चिखल आहे..."

त्या दिवशी चष्मेवालाही चोर नव्हता. दोघी चुकल्या.

दुसऱ्या दिवसापासून निशाची रात्रपाळी होती. सोमवारी साडेतीनला ती आतल्या खोलीत झोपली होती. बाहेर घराण्याची मालिका सुरू झाली, तशी तिची झोप जराशी चाळवली. कुणीतरी कुणावर ओरडत होतं. कोण ते तिला आता ओळखू येत नव्हतं. तेवढ्यात बाहेर आवाज कमी झाला आणि चैताली आजीला दबक्या आवाजात म्हणाली, "हळू ठेव. त्यांना आज रात्री जागायचंय."

निशानं कूस बदलली आणि साडेपाचपर्यंत झोपली.