रडणारी आणि गप्प राहणारा

मला जुळं झालं. आधी मुलगी, मागोमाग मुलगा. बाळंतपणाला मी माहेरी अकोल्याला होते. नवरा अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कामाला, त्यामुळे सुटीच्या दिवशीच अमरावतीहून यायचा.

मुलगी तिसऱ्या आठवड्यापासून रडू लागली. दिवसभर ती शहाण्यासारखी असायची. पोटभर प्यायची, झोपायची, जागी असली की डोळे मोठे करून पंख्याकडे बघायची. दिवेलागण झाली की मात्र काहीतरी फिरायचं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, आणि आवाज असा की समोरच्या घरातल्या काकू दार उघडून बघायच्या. पाजलं तरी नाही, फिरवलं तरी नाही. दूधही सांडायची ती. ढेकर काढताना खांद्यावर पचकन गुळणी यायची.

“काहून रडून राहिली वं माझी माय?” आई तिला घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायची. “हिले नजर लागली, नाई तं पोटात वारा धरला.”

मुलगा त्या मानानं गुणी. रडणं कमी, मागणं कमी. आलेले पाहुणे त्यालाच मांडीवर घ्यायचे, कारण तो गप्प बसायचा. तोही ओकायचा, पण बहिणीसारखाच ओकत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. एका संध्याकाळी मुलगी इतकी रडली की मला सहन होईना. मी तिला पाळण्यात उताणी ठेवलं, आईला हाक मारली आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे निघालो. दाखवायचं होतं मुलीला. मुलाला सोबत घेतलं ते त्याला पाजायचं होतं म्हणून.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आमच्याच भागातल्या. त्यांनी मुलीला उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, पोट दाबून पाहिलं, वजन केलं.

“झकास वाढून राहिली तुझी पोरगी,” त्या म्हणाल्या. “ताप नाही, पोट मऊ आहे, दूध पिते, लंगोट ओले करते. संध्याकाळीच रडते ना? मग दुपारी बरी असते?”

“अगदी बरी असते. काल संध्याकाळी मात्र मला सहन होईना, तिला पाळण्यात ठेवून मी बाजूला गेले.”

“याले कॉलिक म्हणतात, बेटा. नेमकं काहून होते ते आमालेही पुरतं सांगता येत नाही. दीड महिन्याच्या आसपास लई वाढते, मग तीन-चार महिन्यांत आपोआप जाते. आणि ती गुळणी म्हणजे जठराचं वरचं झाकण अजून ढिलं आहे, म्हणून दूध वर येते. पाजल्यावर थोडा वेळ उभी धर. झोपवायचं मात्र पाठीवरच.”

आईनं हळूच विचारलं, “घुटी द्यावी का?”

“काही नका देऊ, आजी. आईचं दूध, बस. अन् तू,” त्या माझ्याकडे वळल्या, “काल तिले ठेवून बाजूले गेली, ते बरोबर केलं. सहन होत नसलं की असंच करायचं. पण रागात लेकराले कधी हलवायचं नाही.”

मी उठायच्या तयारीत होते. मुलाला नुकतंच पाजलं होतं. आई त्याला खांद्यावर घेत होती, तेवढ्यात तो ओकला. दूध आईच्या खांद्यावरून उडून थेट टेबलापलीकडे गेलं. डॉक्टरांच्या कागदांवर थेंब पडले. आणि ओकल्याबरोबर मुलानं मान वळवली, तोंड उघडलं, पुन्हा दूध शोधू लागला.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला.

“हा असाच ओकते का?”

“चार-पाच दिवस झाले, जोरात ओकतो. पण लगेच भुकेला असतो.”

“रंग? हिरवा, पिवळा?”

“नाही, दुधाचाच.”

“लंगोट?”

मी वेगळे कधी मोजलेच नव्हते. दोघांचे लंगोट एकाच बादलीत पडायचे. आई म्हणाली, “याचे कमीच ओले होतात आता.”

वजन केलं. मागच्या वेळेपेक्षा ते कमी भरलं. त्याची टाळू किंचित खोल गेली होती, ओठ कोरडे होते. ज्याचं गप्प म्हणून आम्ही कौतुक करत होतो, त्याच्या अंगात रडायचं बळच उरलं नव्हतं.

“त्याले जरासं पाज,” त्या म्हणाल्या, “आणि इकडं ये, पाह्य.”

तो पीत असताना त्यांनी त्याचं पोट उजेडाकडे केलं. त्या इवल्या पोटावर, कातडीखालून, डावीकडून उजवीकडे एक लाट सरकत गेली. थांबली. पुन्हा दुसरी उठली. मी श्वास रोखून पाहत राहिले. माझ्या लेकराचं जठर बंद दारावर धडका देत होतं आणि ते मला दिसत होतं. मग त्यांनी बोटांची टोकं बरगडीखाली ठेवली, डोळे मिटल्यासारखे केले, आणि माझा हात धरून तिथं टेकवला. बोराएवढं काहीतरी टणक माझ्या बोटाखालून निसटलं.

सोनोग्राफीत तेच निघालं. जठरातून आतड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा स्नायू जाड होऊन वाट बुजली होती. दूध पुढे जातच नव्हतं. वाट पित्त मिसळायच्या अलीकडेच बंद, म्हणून ओकारी पांढरी. “हिरवी असती तर याहूनही घाई केली असती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सलाईन लावलं, तोंडानं काही द्यायचं नाही असं बजावलं आणि अमरावतीच्या बालशल्यविशारदांना फोन केला.

मूर्तिजापूरच्या रस्त्यानं रुग्णवाहिकेत आम्ही चौघं. मुलगा सलाईन मिळाल्यावर क्षीण आवाजात रडू लागला. ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं! आणि मुलगी, जी घरात कोणाला बसू देत नव्हती, ती आईच्या मांडीवर गाडीच्या हिसक्यांनी गाढ झोपली.

अमरावतीला नवरा रुग्णालयाच्या दारातच उभा होता. “लगेच ऑपरेशन करा ना, साहेब,” तो सर्जनला म्हणाला.

“आज नाही,” तरुण सर्जन शांतपणे म्हणाले. “ओकून ओकून रक्तातले क्षार बिघडलेत. ते आधी सलाईननं जागेवर आणायचे. तोवर भूल देणं धोक्याचं.”

आम्ही थांबलो. रक्ताचा अहवाल नीट आल्यावर त्याला आत नेलं. स्नायू वरून उभा चिरायचा, पण आतलं पातळ अस्तर तसंच ठेवायचं, असं त्यांनी समजावलं होतं. एवढ्याशा पोटात कोणाचे हात एवढं नेमकं काम करू शकतात, हे मला आजही कळत नाही. ते बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, “वाट मोकळी झाली. थोडा ओकेल अजून, घाबरू नका.”

संध्याकाळी मी त्याला थोडंसं दूध दिलं. थोडं बाहेर आलं, बाकी राहिलं. रात्रीपर्यंत लंगोट ओला झाला, तेव्हा नवऱ्यानं तो हातात धरून परिचारिकेला दाखवला. ती हसू लागली. आम्ही दोघं रडत होतो.

मुलगी पुढेही रडत राहिली. आता मात्र मी तिला खांद्यावर घेऊन फिरताना तो जोरदार आवाज ऐकायची, ती आवळलेली मूठ पाहायची आणि मला भीती वाटायची नाही. चौथ्या महिन्यात एकदा दिवे लागले, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आई तिच्यासाठी पदर खोचून उभी राहिली, आणि ती रडलीच नाही. शेजारी पडलेल्या भावाचा कान पकडून ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“बरी आहे ना वं ही?” आईनं घाबरून विचारलं.