पाळी संपतानाचं रजिस्टर

आमच्या घरी कामगार संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यामुळे मला शाळेआधीच वाचता आलं. धाकट्या बहिणीला आठवीतही एक पान धड वाचवेना. तिला डिस्लेक्सिया आहे हे नववीत कळलं. तोवर सगळे तिला आळशी म्हणत. मीही म्हणाले आहे.

बारावीनंतर मामांनी तिला डेटा एंट्रीला लावलं. पंख्याखाली बसून काम, पोरीला अजून काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कागदावरची ओळ सुटायची आणि एकाचा नंबर दुसऱ्याच्या नावापुढे जायचा. दोन महिन्यांत तिला काढलं. मामा म्हणाले, नशीब. नशीब कसलं? जिला अक्षरं छळतात तिला आम्हीच दिवसभर अक्षरांपुढे बसवलं होतं.

मग एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी गुण विचारलेच नाहीत. कुठल्या कामात जेवायची आठवण राहत नाही, एवढंच विचारलं. मिक्सर उघडताना, बहीण म्हणाली. बाईंनी सुचवलं की हाताचं, हिंडतं-फिरतं, चूक लगेच दिसेल असं काम बघा. आणि तिथं लिहावं किती लागतं, तोंडी सांगितलेलं चालतं का, हे आधी विचारा. ती आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाली. करमाडजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात शिकाऊ म्हणून लागली. मशीन बंद पडलं की सुपरवायझर आधी तिलाच पाठवायचे. लिहिण्याचं मात्र आम्ही विचारलंच नव्हतं.

वर्ष संपताना कायम करायची वेळ आली आणि सुपरवायझर तिला म्हणाले, "काम तुझं एक नंबर. पण पाळी संपताना रजिस्टर भरता येत नाय, त्याला मी काय करू?"

मी त्याच संध्याकाळी तिच्यावरच्या अन्यायाचं पत्रक लिहून छापून आणलं. कारखान्याच्या गेटवर वाटणार होते. तिनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, शेवटपर्यंत.

"ताई, ह्यात मी लई बिचारी दिसते. आणि रजिस्टर लागतंच. मी काय तात्पुरतं जोडून ठेवलं ते पुढच्या पाळीला नाय कळलं, तर कुणाचा तरी हात जाईल."

तिनं पत्रक उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर चौकोन आखले. मशीनचा नंबर, काय बिघडलं, काय अर्धवट राहिलं. लिहायचं नाही, फक्त खूण करायची. खाली पुढच्या पाळीच्या माणसाची सही. त्याला मशीनपाशी उभं करून ती सगळं तोंडी सांगणार, मग तो सही करणार.

सुपरवायझरनी आठवडाभर करून पाहिलं. एकही गोष्ट सांगायची राहिली नाही. तिला कायम केलं.

"हे आधी का नाय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आधी विचारलं कुणी, साहेब?"

हे तिनं हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. उरलेली पत्रकं मी अजून फेकलेली नाहीत.